बीटा कमी, म्हणजे शेअर सेफ? एका आकड्याची सत्तर वर्षांची गोष्ट

(या भागाचं लिखित रूप. बोलताना सांगितलेले आकडे इथे नीट मांडून दिले आहेत, म्हणजे ऐकताना निसटलं असेल तर वाचून बघता येईल.)

आजचा भाग एका भांडणातून सुरू होतो. भांडण माझं आणि माझ्या रूममेटचं. अप्रेझल झालं, थकबाकी मिळाली, आणि या पठ्ठ्याने ती सगळीच्या सगळी एका कंपनीच्या शेअरमध्ये टाकली. मी विचारलं, सगळी एकाच ठिकाणी? तर त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. ॲपमध्ये त्या शेअरपुढे लिहिलं होतं, बीटा ०.६. म्हणाला, "हे बघ, बाजारापेक्षा कमी रिस्क. एकदम सेफ आहे."

आता बीटा ०.६ हा आकडा खोटा नव्हता. गणितही बरोबर असणार. पण त्या आकड्यावरून त्याने जो निष्कर्ष काढला तो मात्र साफ चुकीचा होता. तो का चुकीचा, हे समजून घ्यायचं तर बीटा जन्माला कसा आला ते बघावं लागतं. कारण बीटा हे एका ठराविक प्रश्नाचं उत्तर आहे, आणि माझा रूममेट भलताच प्रश्न विचारत होता.

तर चला, शिकागोला. साल साधारण १९५०. हॅरी मार्कोविट्झ नावाचा तेवीस-चोवीस वर्षांचा विद्यार्थी शिकागो विद्यापीठात अर्थशास्त्रात पीएचडी करतोय आणि प्रबंधाला विषय शोधतोय. आपल्या मार्गदर्शकांना भेटायला तो त्यांच्या ऑफिसबाहेर बसला होता. शेजारी भेटीसाठी थांबलेला एक शेअर दलाल होता. गप्पा निघाल्या आणि दलालाने सुचवलं, शेअर बाजारावरच का नाही करत? मार्गदर्शकांनीही होकार दिला आणि त्याला वाचनाची यादी मिळाली.

त्या यादीत जॉन बर विल्यम्स यांचं १९३८ सालचं पुस्तक होतं. विल्यम्स यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शेअरची किंमत म्हणजे त्यातून पुढे मिळणाऱ्या लाभांशाचं आजचं मूल्य. पुढचं कुणालाच नक्की माहीत नसतं, म्हणून अपेक्षित लाभांश धरायचा. मार्कोविट्झ लायब्ररीत हे वाचत होता आणि त्याला एक गोष्ट खटकली. गुंतवणूकदाराला फक्त अपेक्षित परताव्याशीच मतलब असेल, तर त्याने सगळ्यात जास्त परतावा देईल असा एक शेअर निवडावा आणि सगळे पैसे त्यातच घालावेत. गणित तर तेच सांगतं. पण शहाणी माणसं असं करत नाहीत. ती पैसे वाटून ठेवतात. म्हणजे ती परताव्याबरोबर आणखी कशाचा तरी विचार करत असणार. ते "आणखी काहीतरी" म्हणजे चढउतार.

पैसे वाटून ठेवावेत हे आपल्या आजीलाही माहीत होतं. थोडं सोनं, थोडी एफडी, थोडी जमीन. मार्कोविट्झने १९५२ साली 'जर्नल ऑफ फायनान्स'मध्ये लेख लिहून दाखवलं ते वेगळं होतं. वाटून ठेवल्याने धोका किती कमी होतो, हे किती ठिकाणी वाटले यावर अवलंबून नसून, ती ठिकाणं एकमेकांबरोबर कशी हलतात यावर अवलंबून असतं.

हे आकड्यांत बघू. समजा दोन शेअर आहेत. दोघांचाही वर्षाचा चढउतार ३० टक्के. चढउतार म्हणजे इथे स्टँडर्ड डेव्हिएशन, सरासरीपासून साधारण किती लांब जातो त्याचं माप. निम्मे पैसे एकात, निम्मे दुसऱ्यात. दोन्ही शेअर अगदी एकाच तालात हलत असतील, तर तुमच्या एकूण पैशांचा चढउतार ३० टक्केच राहतो. वाटून काहीच मिळालं नाही. दोघांचा एकमेकांशी काही संबंधच नसेल, तर तो २१ टक्क्यांवर येतो. आणि एक वर गेला की दुसरा नेमका तेवढाच खाली, असं असेल तर चढउतार शून्य. तिन्ही वेळा शेअरचा स्वतःचा धोका तोच आहे, ३० टक्के. बदललं ते फक्त त्यांचं आपसातलं नातं.

आता खऱ्या बाजाराजवळ जाऊ. बहुतेक शेअर थोडेफार बरोबर हलतात. म्हणून समजा सगळ्या शेअरचा चढउतार ३० टक्के आणि कुठल्याही दोघांमधला संबंध, म्हणजे कोरिलेशन, ०.३ आहे. एकच शेअर घेतला तर चढउतार ३० टक्के. दहा घेतले, समान पैसे लावून, तर साधारण १८ टक्के. तीस घेतले तर १७. शंभर घेतले तर १६.६. आणि हजार, दहा हजार, कितीही घेतले तरी १६.४ च्या खाली जात नाही.

इथे दोन मिनिटं थांबू, कारण आजची अर्धी गोष्ट इथेच आहे. पहिल्या दहा शेअरमध्येच जवळपास सगळा फायदा मिळून गेला. आणि खाली एक तळ लागला, ज्याच्या खाली वाटावाटी करून जाता येत नाही. म्हणजे शेअरच्या धोक्याचे दोन भाग झाले. एक भाग त्या कंपनीचा स्वतःचा: फॅक्टरीला आग, मालकाची लबाडी, एखादं प्रॉडक्ट आपटणं. हा भाग वाटून टाकता येतो. दुसरा भाग सगळ्यांना एकदम लागणारा: मंदी, व्याजदर, युद्ध. तो वाटून जात नाही.

तर मार्कोविट्झची पद्धत तयार होती. पण ती चालवायची कशी? शंभर शेअर असतील तर प्रत्येक जोडीचं आपसातलं नातं काढायला हवं, आणि शंभर शेअरच्या जोड्या होतात ४,९५०. कोणता अभ्यासक ४,९५० अंदाज बांधणार? आणि ते सोडवणार कोणत्या कॉम्प्युटरवर? मला हा इतिहासाचा भाग खास आवडतो, कारण इथे पुढची पायरी सुरू होते ती चक्क प्रोग्राम फार वेळ खातोय म्हणून.

विल्यम शार्प हा कॅलिफोर्नियातला तरुण रँड कॉर्पोरेशनमध्ये काम करत करत पीएचडी करत होता. मार्कोविट्झही तिथेच होता. शार्पने त्याच्याकडून विषय घेतला आणि एक सोपी युक्ती लढवली. प्रत्येक शेअरचं प्रत्येक शेअरशी नातं कशाला काढायचं? असं धरू, की शेअर एकत्र हलतात ते फक्त बाजार हलतो म्हणून. मग प्रत्येक शेअरचं एकट्या बाजाराशी असलेलं नातं काढलं की झालं. ४,९५० च्या जागी शंभर आकडे. हा लेख १९६३ साली 'मॅनेजमेंट सायन्स'मध्ये आला. त्यात त्याने वेळही दिली आहे: आयबीएम ७०९० या मशीनवर शंभर शेअरचं गणित जुन्या पद्धतीने ३३ मिनिटं घ्यायचं, नव्या पद्धतीने ३० सेकंद.

बाजार एक टक्का हलला की हा शेअर सरासरी किती टक्के हलतो, हा जो एक आकडा उरला, तोच आपला बीटा.

हातानेच काढून बघू, म्हणजे कायमचं लक्षात राहील. पाच महिन्यांचे आकडे घेऊ. आकडे मी बनवलेले आहेत, हिशोब सोपा व्हावा म्हणून. बाजाराचा परतावा: +४, −२, +१, −३, +५ टक्के. सरासरी १.

शेअर 'क'चा परतावा त्याच महिन्यांत: +६, −५, +३, −५, +६. सरासरी १.

शेअर 'ख'चा: +१०, +८, −१६, −२, +५. याचीही सरासरी १.

सांगा बरं, कुठला जास्त धोक्याचा दिसतोय? उघड आहे, 'ख'. एका महिन्यात सोळा टक्के आपटलाय. चढउतार काढला तर 'क'चा येतो ५ टक्के आणि 'ख'चा ९.४.

आता बीटा. प्रत्येक महिन्यात बाजार आपल्या सरासरीपासून किती दूर होता आणि शेअर त्याच्या सरासरीपासून किती दूर होता, हे काढायचं. बाजाराचे फरक: ३, −३, ०, −४, ४. यांच्या वर्गांची बेरीज ५०. 'क'चे फरक: ५, −६, २, −६, ५. महिन्या-महिन्याचा बाजाराशी गुणाकार करून बेरीज केली की १५, १८, ०, २४, २०, एकूण ७७. भागिले ५०. 'क'चा बीटा १.५४.

'ख'चे फरक: ९, ७, −१७, −३, ४. गुणाकार: २७, −२१, ०, १२, १६. बेरीज ३४. भागिले ५०. 'ख'चा बीटा ०.६८.

बघा काय झालं. जो शेअर जास्त उड्या मारतो त्याचाच बीटा कमी! कारण 'ख' ज्या महिन्यात सोळा टक्के आपटला त्या महिन्यात बाजार आपल्या सरासरीवरच होता. ते आपटणं बाजाराचं नव्हतं, कंपनीचं स्वतःचं होतं. आणि बीटा कंपनीच्या स्वतःच्या गोंधळाकडे बघतच नाही. दुसऱ्या महिन्यात तर बाजार पडला असताना 'ख' वर गेला, त्यामुळे बीटा आणखी खाली आला.

आता तुम्ही म्हणाल, मग असलं अर्धआंधळं माप काय कामाचं? याचं उत्तर शार्पच्या १९६४ च्या लेखात आहे. हा लेख त्याने आधी पाठवला तेव्हा परत आला होता. सगळ्या गुंतवणूकदारांचे अंदाज सारखेच असतात हे त्यातलं गृहीतक परीक्षकाला अजिबात पटलं नव्हतं. शेवटी 'जर्नल ऑफ फायनान्स'ने तो छापला. याच सुमारास जॅक ट्रेनर, जॉन लिंटनर आणि यान मॉसिन हेही आपापल्या वाटेने त्याच ठिकाणी पोचले होते. या कल्पनेचं नाव कॅपिटल ॲसेट प्रायसिंग मॉडेल, म्हणजे आपलं कॅपएम.

कल्पना अशी. समजा सगळ्यांनीच मार्कोविट्झचं ऐकलं आणि सगळ्यांकडे मोठा, वाटलेला पोर्टफोलिओ आहे. मग 'ख'चं सोळा टक्के आपटणं त्यांना जाणवतं का? फारसं नाही. शंभर शेअरपैकी एक आपटला, दुसरा कुठला तरी चढला. त्यांना जाणवतो तो फक्त बाजाराबरोबरचा हेलकावा, म्हणजे बीटा. आता समजा 'ख' खूप उड्या मारतो म्हणून तो स्वस्तात मिळतोय आणि त्यातून वर्षाला १६ टक्के मिळतील असं दिसतंय. वाटून ठेवणारे लोक काय करतील? तुटून पडतील. त्यांच्या दृष्टीने हा कमी धोक्याचा आणि जास्त परताव्याचा माल आहे. खरेदी वाढली की किंमत वाढणार, आणि किंमत वाढली की पुढचा परतावा घटणार. कुठपर्यंत? त्याच्या बीटाला शोभेल इतका होईपर्यंत.

म्हणून सूत्र असं:

अपेक्षित परतावा = बिनजोखमीचा दर + बीटा × (बाजाराचा परतावा − बिनजोखमीचा दर)

समजा बिनजोखमीचा दर ७ टक्के आणि बाजाराकडून अपेक्षा १२ टक्क्यांची. म्हणजे बाजाराची जोखीम घेण्याबद्दल ५ टक्के बक्षीस. 'क'ला मिळायला हवेत ७ अधिक १.५४ गुणिले ५, म्हणजे १४.७ टक्के. 'ख'ला फक्त १०.४.

आता हे उलट्या बाजूने वाचा. 'ख' हा सगळ्यात जास्त उड्या मारणारा शेअर, पण बाजार त्याला बक्षीस देतो सगळ्यात कमी. कारण जो धोका वाटून फुकटात घालवता येतो, तो अंगावर घेतल्याबद्दल बाजार एक पैसाही देत नाही. हे मी रूममेटला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला. त्याच्याकडे एकच शेअर होता. म्हणजे त्या शेअरचा सगळा धोका तो सोसत होता, आणि मोबदला मात्र फक्त बीटापुरताच मिळणार होता.

खऱ्या आयुष्यातलं उदाहरण हवं तर ७ जानेवारी २००९. त्या दिवशी सत्यमच्या अध्यक्षांनी हिशोबात खोटेपणा केल्याचं पत्र जाहीर केलं आणि शेअर एका दिवसात तीन चतुर्थांशाहून जास्त पडला. असा दिवस आदल्या दिवशीच्या बीटामध्ये कुठेही दिसला नसता, कारण तो बाजाराचा धोकाच नव्हता. समान रकमेचे तीस शेअर असलेल्या माणसाला या एका शेअरमुळे अडीच टक्क्यांच्या आसपास फटका बसला असता. एकट्या सत्यममध्ये पैसे असलेल्याचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

मग सूत्र छान आहे, पण खरं आहे का? हे तपासायचं काम फिशर ब्लॅक, मायकेल जेन्सन आणि मायरन शोल्स यांनी केलं, निबंध आला १९७२ साली. त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. एकट्या शेअरचा बीटा फार डळमळीत असतो हे त्यांना माहीत होतं. पाच वर्षांचा डेटा बदलला की आकडाही बदलतो. म्हणून त्यांनी न्यूयॉर्क बाजारातले शेअर मागच्या पाच वर्षांच्या बीटानुसार लावले, त्यांचे दहा गट केले, आणि त्या गटांना पुढे किती परतावा मिळाला ते १९३१ ते १९६५ असं पस्तीस वर्षं मोजलं.

त्या काळात बाजाराने बिनजोखमीच्या दरापेक्षा महिन्याला सरासरी १.४२ टक्के जास्त दिले होते. सगळ्यात कमी बीटाच्या गटाचा बीटा होता ०.५०. सूत्राप्रमाणे त्याला ०.७१ मिळायला हवे होते, मिळाले ०.९१. सगळ्यात जास्त बीटाच्या गटाचा बीटा १.५६. त्याला हवे होते २.२२, मिळाले २.१३. म्हणजे दिशा बरोबर होती, जास्त बीटाला जास्त परतावा मिळालाच. पण रेषा सूत्र सांगतं तितकी चढी निघाली नाही. खालच्यांना हक्कापेक्षा जास्त, वरच्यांना थोडं कमी.

असं का? ब्लॅकने एक कारण दिलं. सूत्रात धरलंय की कुणालाही बिनजोखमीच्या दराने हवं तेवढं कर्ज मिळतं. म्हणजे जास्त परतावा हवा असेल तर सरळ कर्ज काढून पूर्ण बाजारच जास्त घ्यायचा. पण तुम्हाला-मला त्या दराने कोण कर्ज देणार? मग ज्याला जास्त हवंय तो काय करतो? जास्त बीटाचे शेअर घेतो. तिथे गर्दी होते, ते महाग होतात, आणि महाग घेतलेल्या मालाचा परतावा घटतो. पुढे १९९२ साली युजीन फामा आणि केनेथ फ्रेंच यांनी १९६३ ते १९९० चा डेटा घेतला तेव्हा तर बीटा आणि परतावा यांचं नातं जवळजवळ दिसेनासंच झालं. कंपनीचा आकार, आणि तिच्या पुस्तकी किमतीच्या मानाने बाजारभाव किती, या दोन गोष्टी त्यांना जास्त बोलक्या वाटल्या.

१९९० साली मार्कोविट्झ आणि शार्प यांना, मर्टन मिलर यांच्याबरोबर, अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि दोनच वर्षांत हा पेपर. त्यामुळे बीटाकडून परताव्याचा नेमका अंदाज घ्यायला जाऊ नका. पण या गोष्टीचा अर्धा भाग अजूनही ठाम उभा आहे: वाटून जाणारा धोका आणि न जाणारा धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बीटा फक्त दुसऱ्याबद्दल बोलतो.

आता ॲप उघडलंत की करायचं काय? बीटाशेजारी आर-स्क्वेअर्ड नावाचा आकडा मिळतो का ते बघा. फंडांच्या माहितीपत्रकात तो बऱ्याचदा असतो. शेअरच्या चढउतारापैकी किती भाग बाजारामुळे, हे तो सांगतो. आपल्या उदाहरणात 'क'चा येतो ०.९४. म्हणजे त्याची जवळपास सगळी हालचाल बाजाराची. 'ख'चा येतो फक्त ०.०५. त्याच्या चढउतारातला ९५ टक्के भाग त्याचा स्वतःचा आहे, बीटाच्या नजरेबाहेरचा. कमी बीटा आणि कमी आर-स्क्वेअर्ड अशी जोडी दिसली, तर तो शेअर शांत आहे असं समजू नका. तो बाजाराचं ऐकत नाही, एवढंच त्याचा अर्थ.

रूममेटच्या शेअरचा आर-स्क्वेअर्ड ॲपमध्ये नव्हता, म्हणून आम्ही रात्री बसून भाव उतरवून घेतले आणि स्प्रेडशीटमध्ये काढला. आला ०.११. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे ०.६ हा आकडा माझ्यासाठी नव्हताच."

बरोबर. तो आकडा ज्याच्याकडे आधीच पन्नास शेअर आहेत, आणि एक्कावन्नावा घेऊ का असं जो विचारतोय, त्याच्यासाठी होता. निम्मे पैसे त्याने दुसऱ्या आठवड्यात काढून इंडेक्स फंडात टाकले. उरलेल्या निम्म्यांवर आमचं भांडण अजून चालू आहे.

आजच्यापुरतं इतकंच. 'क' आणि 'ख'चे आकडे वर आहेत, एकदा स्वतः कागदावर करून बघा. पुढच्या भागात भेटू.